रिंग वाजते, मग आवाज का नाही?

> "ऑफिसच्या वायफायवर वेबसाइट चालतात, पण ॲपचा कॉल उचलला की 'कनेक्टिंग'वरच अडकतो."

रिंग वाजते म्हणजे सर्व्हरपर्यंतचा रस्ता मोकळा आहे. रिंगचा निरोप सहसा टीसीपीवरून येतो, आवाज मात्र बहुतेकदा यूडीपीवरून. आमच्या अंधेरीच्या ऑफिसात हेच झालं होतं. फोन मोबाइल डेटावर घेतला की कॉल लगेच लागायचा. कॉलसाठी बरीच ॲप यूडीपी 3478 हे पोर्ट वापरतात, म्हणून फायरवॉलवर लॅनच्या बाजूने, म्हणजे eth1 वर, हे चालवलं:

```
tcpdump -ni eth1 udp port 3478
```

फोनची पॅकेट्स येत होती, उत्तर एकही नाही. नियमांत बाहेर जायला फक्त टीसीपी 80, 443 आणि डीएनएस होतं. बाहेर जाणारं यूडीपी 3478 उघडल्यावर आवाज आला. आत येणारे पोर्ट अजिबात उघडू नका. स्टेटफुल फायरवॉल उत्तरं स्वतःच आत घेते. तरीही अडलं, तर डिनाय लॉगमध्ये त्याच फोनच्या आयपीचं दुसरं यूडीपी पोर्ट शोधा.