डोकं रोज दुखतं, रक्तात काय शोधू?

पाऊसवेडी: चार महिने झाले, डोकं जवळजवळ रोज दुखतंय. दोन्ही बाजूंनी आवळल्यासारखं. हिमोग्लोबिन 12.3 आहे, म्हणजे ॲनिमिया नाही ना? मग थायरॉइड, बी12, डी असं सगळं पॅकेज एकदाच करून टाकू का?

रोखठोक: पॅकेज कशाला? डोकेदुखीचं कारण रक्तात सापडणं हा अपवाद. आधी सांगा, महिन्यातले किती दिवस गोळी घेता? साधी वेदनाशामक गोळी तीन महिन्यांहून जास्त काळ, महिन्यातले पंधरा दिवस किंवा जास्त, पोटात जात असेल तर गोळीच डोकं दुखवते.

खारूताई: ताई, डी तपासाच! माझं 9 निघालं होतं. आठ आठवडे गोळ्या घेतल्या आणि डोकं थांबलं.

रोखठोक: डोकं कधीच न दुखणाऱ्यांचंही डी कमी निघतं. आणि आठ आठवड्यांत पुष्कळ दुखणी आपोआप जातात.

काचपट्टी: मी लॅबमध्ये काम करते. पॅकेज नको, हे बरोबर. पण 12.3 बघून निर्धास्त होऊ नका. शरीर आधी लोहाचा साठा संपवतं, हिमोग्लोबिन पडतं ते सगळ्यात शेवटी. सीबीसीसोबत फेरिटिन करा. 15 च्या खाली म्हणजे साठा संपलाच. 30 पर्यंतही बरेच डॉक्टर कमतरताच धरतात. नुकताच ताप येऊन गेला असेल तर मात्र थांबा, तेव्हा फेरिटिन उगाच चढलेलं दिसतं. सोबत थायरॉइडसाठी टीएसएच. बी12 हातापायांना मुंग्या येत असतील, मांसाहार नसेल किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर.

पाऊसवेडी: केलं. फेरिटिन 8. टीएसएच 6.4, एफटी4 नॉर्मल. पाळी सात दिवस, जोरात. आणि हो, गोळ्या मोजल्या... महिन्यात अठरा दिवस. आयबुप्रोफेन.

रोखठोक: घ्या! सापडला चोर.

काचपट्टी: एकटाच नाही हो. आयबुप्रोफेन रोजच्या रोज घेतलं तर पोटातून थोडं थोडं रक्त जाऊ शकतं, त्यात पाळी जास्त. लोह असं दोन्हीकडून गळतंय. टीएसएच थोडं जास्त, 6.4, पण एफटी4 नॉर्मल, एवढ्यावर डोकेदुखी थायरॉइडच्या माथी मारणं मला पटत नाही. दोन-तीन महिन्यांनी परत बघा.

रोखठोक: लोह आणि गोळी दोन्ही एकदम हाताळलं तर कशाने बरं वाटलं हे कळणार कसं?

काचपट्टी: नाही कळणार. पण फेरिटिन 8 असताना थांबायचं कोणाच्या हौसेसाठी? डॉक्टरांशी बोलून लोह सुरू करा, गोळ्या कमी करा. पहिले काही दिवस डोकं उलट जास्त दुखेल, तेव्हा घाबरून परत गोळीकडे जाऊ नका. आडवं झाल्यावर दुखणं वाढतं का, कानात नाडीसारखा आवाज येतो का, नजर क्षणभर अंधारते का? यातलं काही असेल तर डोक्यातला दाब वाढलेला असू शकतो, रिपोर्टची वाट न बघता डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, तोही लगेच.

पाऊसवेडी: कानात आवाज... रात्री येतो खरा. मला वाटलं, पंख्याचा.

काचपट्टी: आजच जा.