नातं आधी, टोपणनाव मागाहून

"फोनच्या कॉन्टॅक्ट्समध्ये सगळ्यांची मजेशीर नावं ठेवलीत, पण घाईच्या वेळी सर्च केलं की सापडतच नाहीत, काय करायचं?"

आमच्याकडे नातं पहिलं आणि मस्करी नंतर असा नियम आहे, म्हणजे 'मावशी ब्रेकिंग न्यूज', 'मावशी पुरणपोळी', 'काका पेन्शन', 'मित्र उधारी पक्या'. मावशी टाईप केलं की सगळ्या मावश्या एकाखाली एक हजर, मग कोणाला लावायचा ते बघायचं. नुसतं 'ब्रेकिंग न्यूज' ठेवलं तर दोन महिन्यांनी आपल्यालाच आठवत नाही ती कोण.

नावाच्या सुरुवातीला बदाम, मुकुट वगैरे इमोजी टाकू नका, शेवटी टाका, कारण पहिलं चिन्ह आलं की ते नाव आपल्या अक्षराखाली न येता भलतीकडेच जाऊन बसतं. आणि लिपी एकच ठेवा हो, अर्धी नावं देवनागरीत नि अर्धी इंग्रजीत असली की शोधताना हमखास घोळ.

खरं नाव हलवायचंच नसेल तर कॉन्टॅक्ट एडिट करताना टोपणनावाचा वेगळा रकाना मिळतो, अँड्रॉइडवर बऱ्याचदा जादा फील्डच्या पर्यायात लपलेला असतो, तिथे गंमत लिहा, गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये सर्च केल्यावर तेही सापडतं. पण कॉल आला की स्क्रीनवर बहुतेक खरंच नाव दिसतं, म्हणजे मजा निम्मी गेली 😄

बायकोचं मात्र 'होम मिनिस्टर' एवढंच नको, पुढे नाव असू द्या, उद्या आपला फोन रस्त्यात कोणाला सापडला तर त्याने कोणाला कळवायचं? शिवाय गाडीच्या ब्लूटूथला जोडलेला असताना फोन आला की ते नाव मोठ्या स्क्रीनवर झळकतं, मागे सासूबाई बसलेल्या असतील तर 'सीबीआय ऑफिसर' कोण ते तुम्हीच समजावून सांगा.