अनुभव धागा : गृहपाठावरचे मीम्स आणि पालकांची काळजी

वर्गशिक्षिका, इयत्ता ७ वी

माझ्या वर्गातील मुलांच्या व्हॉट्सॲप गटात गृहपाठावरचे मीम्स फिरतात. काही पालकांनी त्यांचे स्क्रीनशॉट मला पाठवले आणि मुलांना अभ्यासाविषयी आदर उरलेला नाही, अशी चिंता व्यक्त केली. त्यावर मी सर्व पालकांना दिलेले पत्र खाली देत आहे. आपल्या घरी किंवा वर्गात याबाबत काय अनुभव आला, तो कृपया सविस्तर लिहावा.

«सस्नेह नमस्कार. आपण पाठवलेली सर्व चित्रे मी लक्षपूर्वक पाहिली. प्रत्येक चित्रात हसण्याचा विषय नेमका कोण आहे, एवढाच प्रश्न मी स्वतःला विचारला. बहुतेक चित्रांत तो विषय काम आहे किंवा वेळ आहे. रविवारी सकाळी निवांत लोळणारे मांजर आणि रात्री नऊला डोळे विस्फारलेले तेच मांजर, हे चित्र सर्वांत जास्त फिरले. ते पाठवणाऱ्या मुलाची वही सोमवारी पूर्ण होती आणि त्यावर हसणाऱ्या जवळजवळ सर्वांच्या वह्याही आल्या होत्या. काम टाळायचे असलेले मूल सहसा त्या कामाचा विषयच काढत नाही. विनोद करणारे मूल ते काम करता करता कुरकुरत असते.

एक चित्र माझ्यावर आहे. ‘फक्त पाच उदाहरणे आहेत’ असे मी म्हणते आणि पुढच्या चौकटीत प्रत्येक उदाहरणाला अ, आ, इ, ई असे चार उपप्रश्न फुटतात, म्हणजे एकूण वीस. यात माझा अपमान नाही. मुलांनी बरोबर मोजले आहे, आणि यापुढे मी फळ्यावर उपप्रश्नांसह एकूण संख्या लिहिणार आहे.

एक चित्र मात्र मी वेगळे काढले. त्यात वर्गातल्याच एका मुलाच्या अक्षराचा फोटो होता. तो त्रागा नव्हे, ती टवाळी आहे. संबंधित मुलांशी मी स्वतंत्रपणे बोलले आणि ते चित्र गटातून काढवून घेतले. उरलेल्या चित्रांसाठी मुलांना रागावू नये, त्यांचा फोन काढून घेऊ नये आणि गट बंद करण्याचा आग्रह धरू नये, अशी माझी विनंती आहे.»

एक आई

स्क्रीनशॉट पाठवणाऱ्यांपैकी मीही एक होते. मला सर्वांत जास्त खटकले होते ते ‘गृहपाठाने माझा खून केला’ हे वाक्य. पत्र वाचल्यानंतर मी मुलीला कोणताही जाब न विचारता, ते चित्र मला समजावून सांग, एवढेच म्हटले. तिने ते इतक्या उत्साहाने समजावले, की बोलता बोलता भूगोलाच्या नकाशातील नद्या तिला पाठच होत नाहीत, हेही सांगून टाकले. ती अडचण मला तोपर्यंत ठाऊकच नव्हती.

एक वडील

गृहपाठ कमी करण्याच्या निर्णयाचे मी स्वागत करतो. माझ्या मुलाला रोज रात्री अकरा वाजतात. दर इयत्तेमागे रोज १० मिनिटे, हा अमेरिकेतील संशोधक हॅरिस कूपर यांच्या नावाने ओळखला जाणारा संकेत मी वाचला आहे. त्या हिशेबाने सातवीला सर्व विषय मिळून ७० मिनिटे पुरेशी आहेत.

वर्गशिक्षिका

गृहपाठ कमी करण्याबाबत पत्रात काहीही नाही. तरीही आपला मुद्दा मला उपयोगी वाटतो. स्क्रीनशॉटवरच्या तारखा लावून पाहिल्या, तेव्हा बरीचशी चित्रे बुधवारी संध्याकाळी आलेली दिसली. गुरुवारी गणित, विज्ञान आणि इंग्रजी अशा तिन्ही वह्या तपासायला द्यायच्या असतात. प्रत्येक विषयाचा गृहपाठ स्वतंत्रपणे पाहिला तर बेताचाच आहे. तिन्ही एकाच रात्री पडतात, ही खरी अडचण आहे. विज्ञानाची वही शनिवारी घेण्याविषयी त्या विषयाच्या शिक्षकांशी बोलणे चालू आहे, अद्याप काही ठरलेले नाही.

निवृत्त गणित शिक्षक

आमच्या काळी हीच चित्रे वहीच्या शेवटच्या पानावर असत आणि आम्ही ती पाहूनही न पाहिल्यासारखे करत असू. माझे मत असे, की राग हा प्रेशर कुकरमधल्या वाफेसारखा असतो. विनोदाच्या शिट्टीवाटे तो बाहेर पडला की मूल शांत होते. म्हणून मुलांना जितके बोलायचे आहे तितके बोलू द्यावे, त्याला कोणतीही मर्यादा घालू नये.

शालेय समुपदेशक

सरांच्या निष्कर्षाचा अर्धा भाग मला मान्य आहे, कारण मात्र मान्य नाही. राग बाहेर काढला की तो संपतो, ही समजूत प्रयोगांत टिकलेली नाही. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ सालच्या प्रयोगात, ज्याच्यावर राग आहे त्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारणारे विद्यार्थी, नुसते शांत बसलेल्यांपेक्षा अधिक संतापलेले राहिले. एखाद्या व्यक्तीचा राग मनात घोळवत राहिल्याने तो वाढतो. या वर्गातील मीम्स निरुपद्रवी आहेत, ती त्यांत कोणाचा राग घोळवलेला नाही म्हणून. ‘माझीच वही अपूर्ण आहे’ ही एकट्याची भीती तिथे ‘आपल्या सर्वांचेच असे होते’ या हसण्यात बदलते आणि मूल पुन्हा वहीकडे वळते.

म्हणून मी चित्राइतकेच त्यानंतर काय होते, याकडेही पाहते. एका विद्यार्थिनीची चित्रे वरवर इतरांसारखीच होती. मात्र इतरांच्या विनोदात ‘आपण’ असे, तर तिच्या प्रत्येक चित्रात ‘मी ढ’, ‘मला जमणारच नाही’ असे असे. ती चित्रे रात्री उशिरा येत, त्यांवर कोणी हसत नसे आणि वह्याही हळूहळू येईनाशा झाल्या होत्या. तिच्याशी बोलल्यावर कळले, की अपूर्णांकांपासून पुढचे गणित तिला समजलेलेच नव्हते. तिथे विनोदाआडून मदत मागितली जात होती आणि ती ओळखायला बराच वेळ गेला होता.

एक आजोबा

माझा नातू गृहपाठावर विनोद करत नाही आणि तक्रारही करत नाही. तो गटातही नाही, कारण त्याच्याकडे फोन नाही. हे पत्र वाचल्यापासून, तो खरोखर समाधानी आहे की मनातल्या मनात कुढतो आहे, असा प्रश्न मला पडला आहे.

शालेय समुपदेशक

आजोबा, केवळ विनोद न करण्यावरून काहीच ठरवता येणार नाही. झोप, भूक आणि शाळेत निघतानाची टाळाटाळ यांवरून अधिक कळेल. वही उघडून बसतो, पण बराच वेळ पान पुढे सरकत नाही, असे दिसते का, तेही पाहावे.

दुसरी आई

माझी शंका वेगळी आहे. मुलांनी आपसांत पाठवलेली चित्रे आम्ही त्यांच्या फोनमधून काढून शिक्षकांकडे पाठवावीत, हे योग्य आहे का? माझ्या मुलाला हे कळले, तेव्हा त्याने त्या गटात लिहिणेच थांबवले आणि आता मुलांचा दुसरा गट आहे, ज्याची मला माहिती नाही.

वर्गशिक्षिका

आपली शंका रास्त आहे आणि माझ्याकडे तिचे पूर्ण उत्तर नाही. अक्षराच्या फोटोविषयी मला पालकांच्या स्क्रीनशॉटमुळेच कळले, त्यामुळे कधीही पाहू नये, असे मी म्हणू शकत नाही. कोणा मुलाचे नाव, फोटो किंवा व्यंग यांवर काही दिसले तर मला लगेच कळवावे आणि त्याआधी आपल्या मुलाला तसे सांगावे. मांजराची चित्रे मात्र मला पाठवण्याची आवश्यकता नाही. पुढच्या पालकसभेत याविषयी मुलांनाही समोर बसवून विचारण्याचा माझा विचार आहे. कोणाची हरकत असल्यास येथे लिहावे.