मदत हवी आहे: फोन नंबरचे तीन रकाने करायचे आहेत, देशाचा कोड, एसटीडी कोड आणि उरलेला नंबर

वहीवाली

नमस्कार. आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची सूची करायचं काम माझ्याकडे आलंय. साधारण 2300 ओळी आहेत. फाइल मूळ एक्सेलची होती, आता गूगल शीटवर टाकली आहे. प्रत्येकाचा फोन एकाच रकान्यात आहे आणि ज्याला जसा सुचला तसा त्याने लिहिलाय. कुणी +91 लावून, कुणी शून्य लावून, कुणी नुसते दहा आकडे. पत्ता वेगळ्या रकान्यात आहे. छापणाऱ्यांना देश, विभाग आणि स्थानिक नंबर असे तीन रकाने हवेत.

मी डावीकडून दोन, मग दोन, मग उरलेले असे तोडून पाहिले. पुण्या-मुंबईचं बरोबर आलं. साताऱ्याचं सगळं चुकलं, कारण तिथला कोड 2162 आहे आणि पुढे सहाच आकडे. नागपूरचा 712, पुढे सात. प्रत्येक गावाला वेगळं सूत्र लिहायचं का?

आणखी एक कळत नाही. अकरा ओळींत फोन नंबर चक्क उणे दिसतो, उदाहरणार्थ -12345607. (खरे नंबर इथे देत नाही, आकडे बदलले आहेत.) हे लोक वयस्कर आहेत, त्यांचा नंबर चुकीचा छापला गेला तर मला फार वाईट वाटेल.

झटपट_उत्तर

सोपं आहे ताई. `SUBSTITUTE` वापरून 91 काढून टाका. मग पहिल्या दोन-तीन ओळी हाताने तोडून दाखवा आणि एक्सेलमध्ये कंट्रोल + ई दाबा, बाकीचं ते स्वतः भरतं. मी ऑफिसात रोज करतो.

तारायंत्र

झटपट, कंट्रोल + ई नमुना पाहून अंदाज बांधतं. पहिल्या तीन ओळी पुण्याच्या असल्या तर सातारासुद्धा पुण्यासारखाच तोडतं आणि कुठे चुकलं ते सांगत नाही. ऑफिसच्या यादीत सगळे एकाच शहरातले असतील तर चालत असेल.

`SUBSTITUTE` तर इथे वापरूच नका. ते नंबरात जिथे जिथे 91 दिसेल तिथून काढतं, मधूनही. शिवाय 91 ने सुरू होणारे मोबाइल आहेत, त्यांचे पहिले दोन आकडे म्हणजे देशाचा कोड नव्हे. एकूण आकडे बारा असतील आणि सुरुवात 91 असेल तरच ते 91 काढायचं.

वहीवाली ताई, आधी ते उणे नंबर. कुणीतरी एक्सेलमध्ये `+91-20-12345678` असं टाइप केलं. सुरुवातीला अधिक चिन्ह दिसलं की एक्सेल त्याला सूत्र समजतं आणि वजाबाकी करून मोकळं होतं. 91 वजा 20 म्हणजे 71, त्यातून 12345678 गेले की उरतात -12345607. नंबर अजून गेलेला नाही. त्या खान्यावर क्लिक करून वरच्या सूत्राच्या पट्टीत पाहा. तिथे मूळ लिखाण दिसलं तर शेजारच्या रकान्यात हे लिहा:

```
=FORMULATEXT(A2)
```

पट्टीतही उणे आकडाच दिसत असेल तर कुणीतरी मध्ये नुसती किंमत चिकटवली आहे. तरीही नंबर परत मिळतो, फक्त गाव माहीत हवं. माणूस पुण्याचा असेल तर उणे चिन्ह सोडून 71 मिळवा: 12345607 + 71 = 12345678. नागपूरचा असेल तर 91 वजा 712 म्हणजे उणे 621, म्हणून तिथे 621 वजा करायचे. समजा -1235188 दिसतंय, तर 1235188 − 621 = 1234567. पुण्याला आठ आणि नागपूरला सात आकडे आले पाहिजेत. तसे आले नाहीत तर गाव चुकीचं धरलंय.

वहीवाली

अकरापैकी नऊ ओळींच्या पट्टीत मूळ नंबर आहे! उरलेल्या दोन्ही पुण्याच्या. 71 मिळवले, दोन्हीकडे आठ आकडे आले. मी तर त्या ओळी काढूनच टाकणार होते. खूप आभार.

सिअ‍ॅटलहून

माझ्याकडेही अशीच यादी होती, महाराष्ट्र मंडळाची. एक सांगून ठेवते. इथले लोक नंबर लिहिताना +1 लावतच नाहीत. नुसते दहा आकडे, 206 555 0123 असे. तुमच्या सूत्राला ते पुण्याचे वाटतील, बघा: 20 आणि 65550123. काहीच खटकत नाही. आमच्या यादीत असे कितीतरी जण पुणेकर झाले होते.

तारायंत्र

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. न्यू जर्सीच्या 201 चंही तसंच होतं. त्यात निदान 20 च्या पुढे 1 येतो आणि आपल्याकडे घरचे नंबर 1 ने सुरू होत नाहीत, म्हणून चोरी पकडता येते. 206 मध्ये तीही सोय नाही. लांबी, सुरुवात, सगळं पुण्यासारखंच.

म्हणून देश आकड्यांवरून ठरवू नका, पत्त्यावरून ठरवा. आधी पत्त्याचा रकाना बघून परदेशातले सगळे दुसऱ्या पानावर हलवा. अमेरिकेचं काम सोपं आहे, 1 नंतर कायम तीन आकड्यांचा विभाग आणि सात आकड्यांचा नंबर. सिंगापूरला विभागच नाही, मधला रकाना रिकामा ठेवा. लंडनवाले `+44 (0)20 7946 0123` असं लिहितात, त्यातलं कंसातलं शून्य काढायचं. इटलीत मात्र उलट, रोमच्या 06 मधलं शून्य +39 नंतरही ठेवावं लागतं.

भारताच्या ओळींसाठी आधी A मधल्या नंबरातले आकडेच तेवढे C मध्ये घ्या:

```
=REGEXREPLACE(A2&"","\D","")
```

मग D मध्ये दहा आकडे:

```
=IF(OR(AND(LEN(C2)=12,LEFT(C2,2)="91"),AND(LEN(C2)=11,LEFT(C2,1)="0")),RIGHT(C2,10),C2)
```

D मध्ये दहापेक्षा कमी किंवा जास्त आकडे राहिले तर ती ओळ हाताने बघायची. एका खान्यात दोन नंबर लिहिणारेही इथेच सापडतील.

आता `STD` नावाचं वेगळं पान करा. त्याच्या A रकान्यात तुमच्या यादीतल्या गावांचे कोड शून्याशिवाय लिहा: 20, 22, 712, 231, 253, 2162, 2352, गोव्याचा 832. गावागणिक सूत्र लागत नाही, कारण कोड आणि नंबर मिळून आपल्याकडे दहाच आकडे होतात. चार आकडे तक्त्यात शोधायचे, नाही मिळाले तर तीन, मग दोन:

```
=IFS(COUNTIF(STD!A:A,LEFT(D2,4))>0,LEFT(D2,4),
COUNTIF(STD!A:A,LEFT(D2,3))>0,LEFT(D2,3),
COUNTIF(STD!A:A,LEFT(D2,2))>0,LEFT(D2,2),TRUE,"")
```

हे E मध्ये. उरलेला नंबर F मध्ये:

```
=MID(D2,LEN(E2)+1,10)
```

घड्याळजी

अरे व्वा, मला हेच हवं होतं. पण यातून नंबर मोबाइलमध्ये सेव्ह कसे करायचे? व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप करायचाय, दीडशे लोक आहेत.

तारायंत्र

दादा, तुम्हाला तोडायचं नाही, जोडायचं आहे. +91 आणि D मधले दहा आकडे सलग ठेवले की पुरे. तीन रकाने करण्यात तुमचा वेळ जाईल. नवा धागा काढा, तिथे सविस्तर बोलू.

वहीवाली

जवळजवळ सगळं झालं. पण एक घोळ दिसतोय. आमच्याकडे गोव्यात दोघंच आहेत आणि 832 मध्ये सतरा ओळी आल्या. बाकीचे पंधरा तर पुण्या-साताऱ्याचे.

दुसरं, सहा ओळींत C रिकामा येतोय. A मध्ये नंबर मात्र स्पष्ट दिसतो.

तारायंत्र

ते पंधरा मोबाइल असणार. नंबर 8329 ने सुरू होतात का बघा. मोबाइलची तशी मालिका आहे आणि तिचे पहिले तीन आकडे गोव्याच्या कोडासारखेच दिसतात. अमरावतीच्या 721 शी 7219 वाल्या मोबाइलचा असाच गोंधळ होतो. 6, 7, 8, 9 ने सुरू झाला की मोबाइल असं म्हणून भागत नाही, नागपूरचा घरचा नंबरही 7 नेच सुरू होतो. बघायचं ते कोडाच्या पुढच्या आकड्याकडे. घरच्या नंबरात तिथे 2 ते 7 असतो:

```
=IF(AND(E2<>"",REGEXMATCH(F2,"^[2-7]")),"घरचा","मोबाइल")
```

"मोबाइल" आला की विभागाचा रकाना रिकामा ठेवा आणि दहाही आकडे स्थानिक नंबरात घ्या. तुमच्या गावाचा कोड तक्त्यात राहून गेला असेल तर तोही इथे "मोबाइल" म्हणून येईल, म्हणून E रिकामा असलेल्या ज्या ओळी 1 ते 5 ने सुरू होतात त्या चाळा. बंगळुरूचा 80 आणि अहमदाबादचा 79 तक्त्यात घालू नका. 8055 ने सुरू होणारा मोबाइल या चाळणीतूनही बंगळुरूचा म्हणून निसटतो. त्या दोन शहरांची माणसं हाताने करा.

रिकाम्या सहा ओळी मराठी आकड्यांत लिहिलेल्या असतील. गूगल शीटचं `\D` फक्त 0 ते 9 ओळखतं, ०१२३ ला ते अक्षर समजून पुसतं.

वहीवाली

अगदी बरोबर, सहाही जणांनी देवनागरीत लिहिलंय. ते मी स्वतः टाइप करते. आणि पंधराच्या पंधरा 8329 च निघाले.

पायथनप्रेमी

पुढच्या वेळी पायथनमधलं `phonenumbers` बघा. कोडांचा तक्ता त्यात आधीपासूनच असतो आणि मोबाइल की घरचा हेही ते ओळखतं. x मध्ये नंबर:

```python
import phonenumbers as pn
n = pn.parse(x, "IN")
s = pn.national_significant_number(n)
k = pn.length_of_geographical_area_code(n)
print(n.country_code, s[:k], s[k:])
```

तारायंत्र

चांगलं साधन आहे, मीही वापरतो. पण `"IN"` दिलं की अधिक चिन्ह नसलेला सिअ‍ॅटलचा नंबर यालाही भारताचाच वाटतो. पत्त्यावरून वेगळं करणं इथेही चुकत नाही.

वहीवाली

शेवटचं एक. चार ओळींत 912012000000 सारखे नंबर आहेत, शेवटी सहा शून्यं. हे खरे असू शकतात का?

तारायंत्र

नाही, हे गेले. एक्सेलने बारा आकडे 9.12012E+11 असे दाखवले आणि कुणीतरी तशीच फाइल सीएसव्ही म्हणून सेव्ह केली. सीएसव्हीत दिसतं तेच उतरतं, त्यामुळे शेवटचे सहा आकडे कुठेच उरलेले नाहीत. उणे नंबर परत आणता आले, हे येणार नाहीत. सीएसव्ही करण्याआधीची फाइल कुणाकडे असेल तर तीच मागा.

वहीवाली

ती फाइल आमच्या आधीच्या चिटणीस काकांच्या संगणकावर होती, तो आता विकलाय. चौघांपैकी दोघांचे पत्ते आहेत, त्यांना पोस्टकार्ड टाकते. उरलेल्या दोघांच्या वर्गातल्या मुलांना विचारते. एक सर्वांनाच विचारायचं आहे: मोबाइलसाठी विभागाचा रकाना रिकामा ठेवला तर छापणारे हरकत घेतील का? त्यांच्या नमुन्यात तिन्ही रकाने भरायलाच हवेत असं लिहिलंय.

झटपट_उत्तर

मोबाइलचे पहिले चार आकडे विभागात टाका, बरेच जण तसं करतात.

तारायंत्र

झटपट, ते चार आकडे विभाग नाहीत. माणूस गाव बदलतो, कंपनी बदलते, नंबर तोच राहतो. वाचणारा मधले चार आकडे एसटीडी कोड समजून घरच्या फोनवरून फक्त पुढचे सहाच फिरवेल. ताई, छापणाऱ्यांना फोन करून तो रकाना ऐच्छिक करता येतो का ते आधी विचारा.