मदत हवी आहे: फोनवर टंकताना स्वल्पविरामाआधी जागा पडते

सुनंदा_जुळेसोलापूर
नमस्कार. आमच्या सोसायटीच्या सूचना मी फोनवर रोमन अक्षरांत टंकून मराठीत उमटवते. परवाची सूचना अशी गेली:

"रविवारी पाण्याची पाळी नाही , टाकी भरून ठेवावी . कोणाला टँकर हवा आहे का ?"

फलकासाठी तीच वर्डमध्ये घेऊन छापली, तेव्हा शेवटचे प्रश्नचिन्ह एकटेच खालच्या ओळीत जाऊन बसले. ही जागा कुठून येते आणि जुन्या सूचनांमधून ती एकदम कशी काढावी?

जुना_वाचक
ही चूक नसावी. जुन्या छापील पुस्तकांत प्रश्नचिन्हाआधी थोडी जागा मी स्वतः पाहिली आहे.

खिळेजुळारी
आपण पाहिले ते खरे आहे, परंतु ती जुळारी हाताने घालत असलेली बारीक पट्टी असे, शब्दांमधल्या जागेपेक्षा बरीच अरुंद. स्पेसबारची जागा पूर्ण रुंदीची असते आणि तिथे ओळ तुटू शकते, म्हणून सुनंदाताईंचे प्रश्नचिन्ह खाली गेले.

ताई, मूळ कारण सवयीत आहे. "nahi" टंकल्यावर "नाही" उमटावे म्हणून आपण स्पेस दाबता आणि त्यानंतर स्वल्पविराम देता. स्पेस न दाबता थेट स्वल्पविराम दाबून पाहा. माझ्या फोनवर शब्द तेवढ्यानेही उमटतो. वरच्या पट्टीतून शब्द निवडला, तर कीबोर्ड स्वतः घातलेली जागा विरामचिन्ह येताच बहुधा मागे घेतो, पण आपण बोटाने दिलेली जागा तशीच ठेवतो. विरामचिन्ह आधीच्या शब्दाला चिकटून आणि जागा त्याच्यानंतर, एवढे बोटांना शिकवावे लागेल.

जुन्या सूचनांसाठी वर्डमध्ये Ctrl+H दाबून शोधायच्या चौकटीत हे लिहा आणि बदलायच्या चौकटीत नुसता स्वल्पविराम ठेवा:

```
^w,
```

`^w` म्हणजे सलग कितीही मोकळी जागा. पूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह यांसाठी हेच पुन्हा करा. पूर्णविरामाच्या वेळी मात्र एकेक ठिकाण पाहून बदला, कारण कोणी ०.५ ऐवजी नुसते ".५" लिहिले असेल, तर तो आकडा मागच्या शब्दाला चिकटेल.

यंत्रमाग_हिशेब
माझी अडचण उलटी झाली. चिटकून आलेले शब्द सुटे व्हावेत म्हणून मी प्रत्येक स्वल्पविरामानंतर आणि पूर्णविरामानंतर जागा घातली, तर चादरींच्या बिलात "१,२५०" चे "१, २५०" झाले आणि "सकाळी १०.३०" चे "१०. ३०".

खिळेजुळारी
तो बदल सरसकट करूच नये. आकड्यांमधली चिन्हे जागा घेत नाहीत, त्यामुळे तिथे डोळ्यांनीच तपासावे लागते.

सुनंदा_जुळेसोलापूर
एकाच सूचनेत अठ्ठावीस जागा निघाल्या. फोनवर थेट स्वल्पविराम दाबून पाहिला आणि शब्द नीट उमटला. शब्द निवडून शेवटचे अवतरणचिन्ह देताना मात्र मधली जागा अजून राहते. ती मी मागे जाऊन पुसते. यावर कोणाला उपाय सापडला आहे का?