मदत हवी आहे: कॅलेंडरात तृतीया, मग संकष्टी आजच कशी?

पोळीचालाटणं:
पुतणी सहावीत आहे, सुट्टी संपायच्या आत आमच्याकडे राहायला आली होती. आजींचा संकष्टीचा उपास होता. ही बया कॅलेंडरासमोर खुर्चीवर चढून उभी. म्हणाली, "काकू, चौकोनात ज्येष्ठ कृष्ण तृतीया लिहिलंय. आजी चतुर्थीचा उपास आज का करतेय? चतुर्थी तर उद्याच्या चौकोनात आहे." आजी म्हणाल्या, "चंद्र बघून सोडतात ना, म्हणून." त्यावर तिचं समाधान झालं नाही आणि खरं सांगायचं तर माझंही नाही. मग त्याच चौकोनात बोट ठेवून तिने उत्तराषाढा म्हणजे काय आणि ब्रह्म म्हणजे काय तेही विचारलं. मला नक्षत्रांची आणि योगांची नावं पाठ आहेत, अर्थ माहीत नाही. भविष्य नकोय, नुसतं काय मोजतात ते मुलीला कळेल असं कुणी सांगेल का?

बांधावरचा:
नक्षत्राचं सोपं आहे ताई. तेरा-चौदा दिवसांनी बदलतं. ७-८ जूनला मृग लागतो, मग आर्द्रा, मग पुनर्वसू, पुष्य. आमच्याकडे पेरणीचं सगळं त्यावरच. जूनच्या मध्याला मृगच असणार, उत्तराषाढा कुठून आली? छापखान्याची चूक दिसते.

घटिका:
चूक नाही, दोन्ही बरोबर आहे. बांधावरचे दादा म्हणतात ते सूर्याचं नक्षत्र. चौकोनात रोज छापतात ते चंद्राचं. आकाशाच्या गोल वाटेचे २७ सारखे तुकडे केले की एकेक नक्षत्र होतं. सूर्याला एक तुकडा ओलांडायला पंधरवड्याला थोडे कमी दिवस लागतात, चंद्राला साधारण एक दिवस.

मुलीला पुठ्ठ्याचं घड्याळ करून द्या, काटे हाताने फिरतील असं. खरं घड्याळ नको, त्यात दोन्ही काटे एकमेकांना बांधलेले असतात. लहान काटा सूर्य, मोठा काटा चंद्र. बाराचा आकडा म्हणजे अश्विनीची सुरुवात. तबकडीवर मिनिटांच्या ६० खुणा आहेतच. चंद्र दिवसाला दोन खुणांहून जरा जास्त सरकतो. सूर्याला एक खूण सरकायला सहा दिवस लागतात.

तुमच्या त्या दिवशी सूर्योदयाला सूर्य २ च्या आकड्यापाशी होता, म्हणजे १० व्या खुणेवर, आणि चंद्र ९ च्या आकड्यापाशी, ४५ व्या खुणेवर. मिनिटभर इकडेतिकडे असेल, पण मुलीला एवढं पुरे.

तिथीसाठी फक्त दोन काट्यांमधलं अंतर बघायचं. दोन खुणांचं अंतर पडलं की एक तिथी संपली. ४५ मधून १० गेले, ३५ उरले. म्हणजे १७ तिथ्या पुऱ्या होऊन अठरावी अर्धी झालेली. पंधरा शुक्ल पक्षाच्या गेल्या, राहिली कृष्ण तृतीया. नक्षत्रासाठी सूर्य विसरायचा, मोठा काटा कुठल्या तुकड्यात आहे तेवढंच बघायचं. ४५ वी खूण एकविसाव्या तुकड्यात पडते, ती उत्तराषाढा.

आता संकष्टी. अंतर ३६ खुणा झालं की तृतीया संपणार. एक खूण बाकी आहे आणि एका खुणेला साधारण बारा तास लागतात. म्हणजे सकाळी सहाला असलेली तृतीया संध्याकाळी सहाच्या आसपास संपली. चौकोनात तृतीयेपुढे वेळ छापलेली असेल, बघा. कॅलेंडर सूर्योदयाला जी तिथी असेल ती दिवसाला देतं. संकष्टी मात्र चंद्रोदयाला चतुर्थी असेल त्या दिवशी. चंद्र उगवला रात्री पावणेदहा-दहाला, तेव्हा चतुर्थी लागून चार तास झाले होते. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला चतुर्थी होती म्हणून ती उद्याच्या चौकोनात, पण त्या दुसऱ्या रात्री चंद्र उगवला तेव्हा पंचमी. आजींचं बरोबर होतं, फक्त त्यांनी शेवटचं वाक्य आधी सांगितलं.

सोनपावलं:
योगाचं मी सांगते. गुरुपुष्यामृत, अमृतसिद्धी हे सगळे योग. सोनं घ्यायला, गाडी घ्यायला बघतात. मी मागच्या गुरुपुष्याला बांगड्या घेतल्या, आता भाव कुठे गेलाय बघा.

घटिका:
बांगड्यांबद्दल अभिनंदन, पण हे ते योग नव्हेत. गुरुपुष्य म्हणजे गुरुवार आणि चंद्र पुष्यात, वाराची नक्षत्राशी गाठ. पंचांगाच्या पाच अंगांतला योग वेगळा. त्यात दोन्ही काट्यांच्या खुणांची बेरीज करायची. १० आणि ४५ मिळून ५५. (६० च्या वर गेली तर ६० वजा.) नक्षत्राएवढेच २७ तुकडे इथेही. ५५ पंचविसाव्यात पडते, त्याचं नाव ब्रह्म. आकाशात बोट दाखवता येईल असं तिथे काही नसतं. तिथी चंद्राच्या आकारात दिसते, नक्षत्र चंद्रामागच्या ताऱ्यांत दिसतं, योग नुसता वहीतला आकडा. मुलीला हे स्पष्ट सांगा, नाहीतर ती गच्चीवर शोधत बसेल.

बांधावरचा:
पण मग एका खुणेला बारा तास धरले तर तिथी बरोबर चोवीस तासांची व्हायला पाहिजे. आमच्या कॅलेंडरात कधी एक तिथी गायबच असते, कधी तीच दोनदा.

घटिका:
बारा तास मी सोयीसाठी धरले. चंद्र पृथ्वीजवळ असला की भराभर चालतो, लांब गेला की रेंगाळतो. तिथी कधी वीस तासांतही संपते, कधी सव्वीसच्या पुढे जाते. सूर्योदयानंतर लागून पुढच्या सूर्योदयाआधीच संपली तर तिला चौकोन मिळत नाही, तो क्षय. दोन सूर्योदय गाठले तर दोन चौकोन. पुठ्ठ्याच्या घड्याळात हा वेग दाखवता येत नाही, एवढी त्याची मर्यादा.

एडिसनकर:
थोडं अवांतर. आम्ही न्यू जर्सीत. लेकीचा जन्म इथे जूनमध्ये सकाळी ७ चा. भारतातून आणलेल्या कॅलेंडरातली त्या तारखेची तिथी आम्ही आठ वर्षं धरतोय. चुकतंय का?

घटिका:
चुकत असेल. काट्यांमधलं अंतर जगात सगळीकडे एकाच क्षणी तेवढंच असतं, घड्याळं वेगळी. उन्हाळ्यात तुमच्या वेळेत साडेनऊ तास मिळवा, हिवाळ्यात साडेदहा. सकाळचे ७ म्हणजे इथले दुपारचे साडेचार. त्या वेळी कॅलेंडरात कुठली तिथी चालू होती ते बघा, चौकोनावरचं नाव नको.

एडिसनकर:
बघितलं. दुपारी १ ला बदललीये! म्हणजे पुढची तिथी. पण दरवर्षी वाढदिवस इथल्या सूर्योदयाच्या तिथीला करायचा की भारतातल्या?

सोनपावलं:
भारतातल्याच. आमची नणंद तसंच करते.

घटिका:
मी तिथल्या सूर्योदयाने करीन. पण यावर आमच्या घरातच दोन मतं आहेत.

पोळीचालाटणं:
खोक्याच्या पुठ्ठ्याचं घड्याळ झालं, टाचणी आजींच्या शिवणाच्या डब्यातली. पुतणीने काटे २ आणि ९ वर लावले, अंतर मोजलं आणि मला म्हणाली, "काकू, दोन खुणांची तिथी, मग एका खुणेला नाव नाही?"

घटिका:
आहे. करण. पंचांगाचं पाचवं अंग. कृष्ण तृतीयेच्या दुसऱ्या अर्ध्याचं, म्हणजे त्या दिवशी सकाळपासून सहापर्यंतच्या खुणेचं नाव विष्टी. आजींना विचारा, त्या तिला भद्रा म्हणत असतील.

पोळीचालाटणं:
म्हणाल्या! आणि वर, "म्हणूनच मी तुला त्या दिवशी लोणचं घालू दिलं नाही."