शब्दचर्चा: 'आव्हान – कृती – परिणाम' की दुसरं काही?

कुपवाडकर
आमची कुपवाड एमआयडीसीत शीतगृहांची देखभाल करणारी छोटी कंपनी आहे. नवीन गिऱ्हाईकांना दाखवायला कंपनीच्या परिचयाचं सादरीकरण मराठीत करतोय, कारण बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचे बरेच मालक आणि संचालक मराठीतच वाचतात. केलेल्या प्रत्येक कामाची एक स्लाइड आहे आणि तिच्यात तीन चौकटी आहेत: चॅलेंज, अॅक्शन, रिझल्ट. मी 'आव्हान, कृती, परिणाम' असं लिहिलंय. वाचताना सरकारी पत्रक वाटतं. नेमके शब्द कोणते घ्यावेत? 'केस स्टडी'लाही शब्द हवा आहे.

अजिंक्यतारा
पहिलाच शब्द चुकलाय. मूळ संस्कृत शब्द 'आवाहन' आहे, 'आव्हान' हा त्याचा अपभ्रंश. शुद्ध लिहायचं तर 'आवाहन' लिहा.

कृष्णाकाठ
नाही हो सर, ते दोन वेगळे शब्द आहेत. गणपती बसवताना आपण करतो ते आवाहन, म्हणजे 'या' म्हणून बोलावणं. आव्हान आलं 'आह्वान'वरून. त्यातही हाक मारणंच आहे, पण मराठीत तो अर्थ लढायला बोलावण्याकडे गेला. तुमचं एक मात्र बरोबर, की लोक दोन्हींची गल्लत करतात. त्या स्लाइडवर 'आवाहन' छापलं तर वाचणाऱ्याला वाटेल वर्गणी मागताहेत.

माझी हरकत 'आव्हान'च्या शुद्धतेवर नाही, छटेवर आहे. आव्हान पेलणारा पराक्रमी असतो, त्यामुळे त्या मथळ्याखाली लिहिणारा स्वतःबद्दलच लिहायला लागतो. 'अडचण' लिहिलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: कुणाची?

'कृती' तर नकोच. ती रव्याच्या लाडवांची असते. 'कारवाई' पोलिसांची, 'कार्यवाही' फायलीवरची. 'परिणाम'ला 'भोगा' चिकटलेलं असतं आणि 'निकाल' दहावीचा नाहीतर कोर्टाचा.

निविदावाली
मी एका सहकारी संस्थेच्या खरेदी विभागात बावीस वर्षं होते. अशी सादरीकरणं पुष्कळ पाहिली. कृष्णाकाठ म्हणतात तसंच होतं. पहिल्या चौकटीत गिऱ्हाइकाचं दुखणं नसतंच, 'वार्षिक देखभाल करार नव्हता' असं असतं. ती अडचण नव्हे, तुमचा माल त्याच्याकडे नव्हता एवढंच ते सांगतं. कुपवाडकर, तुमची एक स्लाइड जशीच्या तशी इथे लिहाल का? मजकूर पाहिल्याशिवाय शब्द सुचवणं अवघड आहे.

कुपवाडकर
लिहितो, ताई.
आव्हान: जुनी अमोनिया यंत्रणा, देखभालीचा अभाव.
कृती: अकरा कामं (कॉम्प्रेसर ऑइल बदल, व्हॉल्व्ह दुरुस्ती, कंडेन्सर सफाई, हवा काढणे, पाइप इन्सुलेशन, रंगकाम वगैरे).
परिणाम: विजेत १५ टक्के बचत, ग्राहक समाधानी.

मिरजकर
आमचं हाऊसकीपिंग आहे, एका हॉस्पिटलला माणसं पुरवतो. आमच्याकडे विजेचं बिल नाही की टक्केवारी नाही. आम्ही 'निकाल'मध्ये काय लिहायचं? सध्या 'स्वच्छ व प्रसन्न वातावरण' लिहिलंय.

निविदावाली
मिरजकर, तुमच्याकडे येते. आधी कुपवाडकरांचं. १५ टक्के कशावरून काढले?

कुपवाडकर
वीजबिलावरून. एप्रिल ते जून २०२३ मध्ये १,८६,००० युनिट, २०२४ मध्ये त्याच तीन महिन्यांत १,५८,०००. काम डिसेंबर ते जानेवारीत केलं, नवीन बेदाणा यायच्या आत.

निविदावाली
तेच तीन महिने घेतलेत हे चांगलं केलंत. डिसेंबरची मेशी तुलना केली असती तर मालकाने तिथेच स्लाइड मिटवली असती. आता दुसरा प्रश्न: दोन्ही वर्षी आत माल किती होता?

कुपवाडकर
२०२३ ला सरासरी ३,००० टन. २०२४ ला थोडा कमी, २,८०० च्या आसपास.

निविदावाली
मग टनामागे ६२ युनिटवरून साधारण ५६ वर आलात, म्हणजे ९ टक्के. १५ मधला काही भाग कमी मालाचा आहे. तुमचा गिऱ्हाईक हे पहिल्या दोन मिनिटांत विचारेल, कारण आपल्या गोदामात किती माल होता हे त्याला तोंडपाठ असतं.

कुपवाडकर
पण ताई, टनाने भागणंही पूर्ण बरोबर नाही. खोली थंड ठेवायला लागणारी वीज भिंती, छत आणि दारातून येणाऱ्या उष्णतेवर जाते. माल थोडा कमी असला म्हणून ती त्याच प्रमाणात कमी होत नाही. ९ म्हटलं तर आमचं काम कमी दिसतं.

निविदावाली
मान्य. शिवाय उन्हाळा कोणता कडक होता तेही आहेच. म्हणून टक्का मोठ्या अक्षरात लिहूच नका. दोन्ही वर्षांचे युनिट आणि दोन्ही वर्षांचा माल लिहा, गणित वाचणाऱ्याला करू द्या. 'आमच्यामुळे बचत झाली' आणि 'वापर इतका कमी झाला' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दुसरं तुम्ही बिल दाखवून सिद्ध करू शकता.

आणि अकरा कामांतली कोणती विजेशी संबंधित होती?

कुपवाडकर
खरं म्हणजे दोनच. बोअरच्या जड पाण्याने कंडेन्सरच्या नळ्यांवर क्षाराचा थर बसला होता, आणि यंत्रणेत हवा साठली होती. दोन्हींमुळे डिस्चार्ज प्रेशर चढं राहायचं आणि कॉम्प्रेसरला जास्त जोर लावावा लागायचा. त्यांचा ऑपरेटर म्हणत होता कॉम्प्रेसरच बदला. गेजवरचं प्रेशर कंडेन्सरमधल्या द्रवाच्या तापमानाशी जुळत नव्हतं, त्याच्यापेक्षा जास्त होतं. त्यावरून हवेची शंका आली.

निविदावाली
मग हेच लिहा! कॉम्प्रेसर बदलायचा खर्च टळला कसा, हे मला विकत घ्यायचं असतं. रंगकाम कोणीही करतो. तिन्ही चौकटींच्या मध्ये एक गोष्ट राहून जाते, ती म्हणजे निदान. वेगळी चौकट नको, पण मधल्या चौकटीचं पहिलं वाक्य निदानाचं असू द्या.

कृष्णाकाठ
'निदान' शब्द निघालाच आहे तर सांगतो. डॉक्टर दुसऱ्या खेपेला काय विचारतात? 'फरक पडला का?' तिसऱ्या चौकटीला हाच शब्द द्या. 'परिणाम'खाली 'ग्राहक समाधानी' खपून जातं. 'फरक'खाली ते लंगडं दिसतं, कारण फरक म्हटलं की आधीचं आणि नंतरचं दोन्ही सांगावंच लागतं. मी असे मथळे देईन: 'अडचण काय होती', 'काय केलं', 'काय फरक पडला'.

अजिंक्यतारा
हे फार बोली झालं. मुंबईच्या कंपनीपुढे 'काय केलं' लिहिणार का? 'समस्या, उपाययोजना, फलित' भारदस्त आहे.

कृष्णाकाठ
'फलित' मला चालेल, 'उपाययोजना' नाही. योजना म्हणजे करायचं ठरवलेलं. इथे करून झालंय.

निविदावाली
मिरजकर, तुमच्याकडेही आधी-नंतर आहे. वॉर्डात तक्रारवही असते ना? तुम्ही यायच्या आधीच्या तीन महिन्यांत स्वच्छतेच्या किती तक्रारी आणि नंतर किती, हे मोजा. वही नसेल तर करार किती वेळा पुढे वाढवला ते लिहा. तेवढंही पुरतं.

मिरजकर
वही आहे. पण आम्ही आल्यावर पहिल्या महिन्यात तक्रारी वाढल्या होत्या, कारण लोकांना तक्रार ऐकणारं कोणी मिळालं.

निविदावाली
तोही महिना दाखवा. झाकलात तर बाकीच्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवेल?

कुपवाडकर
सगळ्यांचे आभार. असं केलंय:
अडचण: एप्रिल–जून २०२३ मध्ये ३,००० टन मालावर १,८६,००० युनिट. कॉम्प्रेसर बदलायचा विचार सुरू होता.
काय केलं: चढ्या प्रेशरचं कारण कंडेन्सरवरचा क्षार आणि साठलेली हवा हे शोधलं. नळ्या साफ केल्या, हवा काढली. कॉम्प्रेसर तोच ठेवला.
फरक: त्याच महिन्यांत २०२४ मध्ये २,८०० टनांवर १,५८,००० युनिट.

मालकाने नाव द्यायला नकार दिलाय. 'तासगाव रस्त्यावरचं एक शीतगृह' लिहिलं तरी इथले लोक टनांवरून ओळखतील. टन काढले तर फरक अर्धवट राहतो.

निविदावाली
मग हीच स्लाइड मालकाला दाखवून विचारा. नावाला नाही म्हणणारे आकड्याला कधीकधी हो म्हणतात.

कृष्णाकाठ
आणि केस स्टडीला 'दाखला' घ्या. निविदेत 'अनुभवाचा दाखला' मागतातच, आणि बोलताना आपण उदाहरण देतो त्यालाही दाखलाच म्हणतो.

अजिंक्यतारा
दाखला म्हटलं की शाळा सोडल्याचा आठवतो. मी 'कार्यानुभव' म्हणेन.

मिरजकर
कार्यानुभव तर शाळेतलाच विषय होता, सर!